गल्ल्याची चीर

संक्रांतीच्या आधी पंधरा-वीस दिवस आमच्या गावातल्या कुंभारआळीला धूर चढायचा. सुगडांचे दिवस. घरटी पाच सुगडं लागायची, शिवाय आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरनं मागणी असायची, म्हणून कुंभारमामांचा आवा त्या दिवसांत एक उतरला की दुसरा रचला जायचा. सुगडांच्या जोडीला ते वीस-पंचवीस गल्ले करायचे. नारळाएवढे, भोपळ्याच्या घाटाचे, डोक्यावर बोंडी असलेले.

१९८१ सालच्या जानेवारीत आबा मला घेऊन तिथं गेले. मी चौथीत होतो. आमचं गाव माणदेशातलं. रान भरपूर आणि पाऊस कमी, त्यामुळं घरटी एक माणूस मुंबईला. माझे वडील, म्हणजे आण्णा, गिरणीत होते. घरी आबा, आजी, आई, मी आणि धाकटी बहीण. आण्णांची मनिऑर्डर महिन्याला यायची, तिच्यावर घर चालायचं आणि रानात पिकेल ते वरकड.

कुंभारमामा चाकावर बसले होते. दांड्यानं चाकाला फेर दिला, मातीच्या गोळ्यातनं भांडं वर काढलं, आणि नेहमीसारखं तोंड उघडं ठेवण्याऐवजी कडा आत आत घेत मिटवून टाकली. वर बोंडी केली. खालून दोरा फिरवून भांडं अलगद बाजूला ठेवलं. मला नवल वाटलं, कारण चिरीचा पत्ताच नव्हता.

"मामा, पैसे टाकायचे कुठनं?"

"दम धर की. आत्ता चीर पाडली तर माती वली हाय, मिटून जाईल. पार वाळल्यावर पाडली तर तडकंल. सावलीत आर्धा दिस ठेवायचं. बोट दाबलं तर ठसा उठू नये, पर सुरी फिरावी, तवा पाडायची."

बाजूला तसे आवळलेले चार गल्ले होते. मामांनी त्यातला एक घेऊन बांबूच्या धारदार कामटीनं चीर पाडली. चीर मला फार मोठी वाटली. मी तसं म्हटल्यावर ते हसले. "माती वाळताना आखडती आन् भाजताना आनि आखडती. आत्ता आठान्याला सैल ठेवली, तवा आव्यातनं निघाल्यावर बराबर बसंल."

"आन् चीर पाडलीच न्हाई तर?" हे आबांनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत असणार. विचारलं माझ्यासाठी.

"मग कशाचा गल्ला! चारी बाजूंनी बंद भांडं आव्यात टिकत न्हाई. आतली वाफ, आतली हवा तापती, भाईर यायला जागा मागती. जागा न्हाई मिळाली की फुटतं. आन् एकटं फुटत न्हाई, शेजारची चार सुगडं घिऊन फुटतं."

आबांनी भाजलेल्या गल्ल्यांतला एकेक हातात घेतला. बोटाच्या पेरानं टिचकी मारून कानाशी धरायचे. खणखणला तर चांगला. बद्द वाजला तर कुठंतरी केसाएवढी चीर गेलेली असते, ती डोळ्याला दिसत नाही. तिसरा गल्ला पसंत पडला. मग खिशातलं आठ आण्याचं नाणं चिरीतनं जाता जाता धरून बघितलं आणि तेच नाणं मामांच्या हातावर ठेवलं.

"आबा, पैसं कशाला? सुगडांसंगं जाऊ द्या बलुत्यात."

"न्हाई. बलुतं चुलीच्या भांड्यांचं. गल्ला फुकट घेतला तर त्यात साठत न्हाई."

घरी येताना गल्ला माझ्या हातात होता. आबांनी विचारलं, "काय घ्यायचं ह्यातनं?"

मी आधी घड्याळ म्हटलं, मग बॅट म्हटलं. आबा काही बोलले नाहीत. नेहमीची वाट सोडून ते मला धनगराच्या वाड्यावरनं घेऊन निघाले. तिथं एक शेळी नुकतीच व्यालेली होती. तिच्यामागं दोन करडं उड्या मारत होती. त्यातली एक पाट काळीभोर, कान तेवढे पांढरे. मी तिच्यामागं पळालो आणि घड्याळ विसरलो.

"पाट घ्यायची म्हंजी साठ-पासष्ट रुपयं पडत्यात," आबा म्हणाले. "ही तवर मोठी हुईल. पर हिचं नशीब तुझ्याकडं आसंल तर हिच्यातलीच येकादी मिळंल."

गल्ला माजघरातल्या देवळीत बसला. आबांनी दोन अटी घातल्या. एक, टाकलेलं वहीत लिहायचं, कारण आबांना लिहिता येत नव्हतं आणि मला येत होतं. दुसरी, गल्ला हलवून बघायचा नाही. मी विचारलं, हलवला तर काय होतं? ते म्हणाले, "पेरलेलं उकरून बघितल्यावर काय हुतं?"

पैसे यायचे कुठनं? पाहुणा जाताना हातावर पाच-दहा पैसे ठेवायचा. बाभळीचा डिंक गोळा करून बाजारच्या दिवशी दुकानदाराला दिला की ओंजळीला वीस-पंचवीस पैसे मिळायचे. काढणीच्या दिवसांत शेजारच्या मळ्यात भुईमुगाच्या शेंगा तोडायला गेलो की थोडेफार सुटायचे. आणि आबा दर बाजारी स्वतःच्या कनवटीचे दहा पैसे द्यायचे. आठवड्याला कधी चार आणे, कधी बारा आणे. सगळे गल्ल्यात. गोळीसुद्धा खायची नाही असं मीच ठरवलं होतं. आबांनी सांगितलं नव्हतं. पाट लवकर यावी म्हणून मीच स्वतःला घातलेलं कुलूप होतं ते.

हे कुलूप चैत्रापर्यंत टिकलं. गावची यात्रा आली. ओढ्याकाठी तंबूतला सिनेमा आला. संध्याकाळी कर्ण्यावर गाणी लागायची आणि वर्गातली सगळी पोरं आदल्या रात्रीची गोष्ट सांगायची. मी एकटा ऐकणारा. तिकीट बारा आणे. आईकडं मागायची सोय नव्हती. आबांकडं मागावे तर ते गल्ल्याकडं बघतील, अशी माझी मलाच भीती.

दुपारी आजी झोपलेली, आई रानात, आबा देवळात. मी गल्ला मांडीवर पालथा घेतला आणि चिरीत खुरप्याचं पातं सारलं. गल्ला हळूहळू हलवला की नाणं पात्यावर येऊन आडवं पडतं आणि पातं तिरकं केलं की घसरत बाहेर येतं. अल्युमिनची नाणी हलकी, ती लवकर यायची. दहा पैशांचं पाकळ्यापाकळ्यांच्या कडेचं. आठ आणे जड, ते पात्यावरनं परत आत पडायचे. वीसची चार निघाली, दहाची चार आणि चार आण्याचं एक. एक रुपया पंचेचाळीस पैसे. शेवटच्या नाण्याला पातं जोरात लागलं आणि चिरीच्या कडेचा गव्हाएवढा कपचा उडाला. मी गल्ला तसाच देवळीत ठेवला, कपच्याची बाजू भिंतीकडं करून.

बारा आण्याचं तिकीट, आठ आण्याची भजी, वीस पैशांच्या गोळ्या. सिनेमा कोणता होता ते आज आठवत नाही. पडद्यावर हाणामारी चालली होती आणि मी मनातल्या मनात वजाबाकी करत होतो, एवढं आठवतं.

बाजारच्या दिवशी आबांनी नेहमीसारखे दहा पैसे दिले आणि माझ्याबरोबर देवळीपाशी आले. मी नाणं टाकलं. आबांनी देवळीच्या तळावरनं बोट फिरवलं. बोटाला तांबडी पूड लागली. मग त्यांनी गल्ला फिरवला. बाकीची चीर हाताळून मळकी झालेली आणि कपच्याची जागा ताजी, तांबडीलाल. लपण्यासारखं काही नव्हतंच.

"उंदीर लागला वाटतं गल्ल्याला," आबा म्हणाले.

मी खाली बघत राहिलो.

"किती नेलं आसंल?"

"एक रुपया पंचेचाळीस पैसे."

"हिशेबी उंदीर हाय. शाळंत जात आसनार."

मला हसू आलं नाही, रडू आलं. आबांनी रडू दिलं. मग ओट्यावर घेऊन बसले आणि म्हणाले, "कुंभार काय म्हनला हुता? चीर न्हाई ठेवली तर काय हुतं?"

"फुटतं."

"मग? तू समदं बंद करून घेतलंस. गोळी न्हाई, भजं न्हाई, यात्रंत पाळना न्हाई. म्या बघत हुतो, बोललो न्हाई, ती माजी चूक. आता आसं करायचं. चार आनं आलं तर तीन आनं गल्ल्यात आन् येक आना तुजा. त्याचं काय केलंस ते म्या इचारनार न्हाई. पर गल्ल्यातलं गल्ल्यात."

आण्यांचा हिशेब पैशांत नीट बसत नव्हता, पण आम्ही तो बसवला. वीस पैसे आले की पंधरा टाकायचे, पाच ठेवायचे. वहीत मी एक रुपया पंचेचाळीस पैसे वजा दाखवले आणि समोर 'उंदीर' असं लिहिलं. त्यानंतर खुरपं देवळीकडं गेलं नाही. मी सुधारलो म्हणून नव्हे. हातात आठवड्याचे पाच-दहा पैसे हक्काचे असायचे, त्यामुळं देवळीकडं तेवढी नजर जायची नाही, एवढंच.

वर्ष गेलं. दुसरी संक्रांत झाली आणि तीन-चार दिवसांनी, १८ जानेवारी १९८२ ला, मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. फेब्रुवारीत मनिऑर्डर आली नाही. मार्चमध्येही आली नाही. आण्णांचं कार्ड आलं, चार दिवसांत मिटेल असं. चैत्रात आण्णा स्वतःच आले, वळकटी आणि पत्र्याची पेटी घेऊन. गावात त्या महिन्यात तशा बऱ्याच पेट्या उतरल्या. आण्णा ओट्यावर बसून राहायचे. रानातल्या कामाची सवय मोडलेली आणि मुंबईची आशा सुटलेली नाही, असं त्यांचं झालं होतं.

ज्येष्ठ आला. मृगाचे ढग यायला लागले. पेरणीला बाजरीचं बी हवं होतं, पाभरीचे फण लोहाराकडून नीट करून आणायचे होते. दुकानात मागची उधारी तुंबलेली, त्यामुळं नवीन बी रोखीशिवाय मिळेना. आजीची बोरमाळ फाल्गुनातच गेली होती.

एका संध्याकाळी आबांनी मला हाक मारली. आण्णा तिथंच बसले होते. आबा मला म्हणाले, "मला तुज्याकडनं उसनं पायजेत."

मला कळलंच नाही. आण्णा म्हणाले, "आबा, त्या पोराला काय इचारताय? फोडा की गल्ला. त्याच्याच तर ताटात पडनार हाय."

"तुजा गल्ला आसता तर तुला इचारलं आसतं," आबा म्हणाले. "त्याचा हाय, त्याला इचारतोय."

आण्णा उठून आत गेले. मी लगेच हो म्हटलं असतं तर आज सांगायला छान वाटलं असतं. मी हो म्हटलं नाही. मला राग आला होता. दीड वर्ष मी डिंक गोळा करताना काटे मोडून घेतले होते आणि धनगराच्या वाड्यावर त्या काळ्या पाटीची आता गाभण शेळी झाली होती. मी म्हटलं, उद्या सांगतो. आबा म्हणाले, "सांग. पावसाच्या आत सांग म्हंजी झालं."

दुसऱ्या दिवशीही मी सांगितलं नाही. त्या दिवशी मी आबांना रिकामी पाभर बांधावर टेकवून रानाच्या कडेनं फिरताना बघितलं. आजीनं मला पूर्वी एकदा सांगितलं होतं, १९७२ च्या दुष्काळात वैरणीला पैसा नव्हता म्हणून आबांनी बैलजोडी मातीमोल विकली आणि स्वतः खडी फोडायला गेले. तेव्हापासून ते पैसा घरात दोन ठिकाणी ठेवायचे, एक खर्चाचा आणि एक न शिवायचा. न शिवायचा होता, तो चैत्रातच संपला होता. हे मला आईकडून कळलं. माझ्याकडं मागायला यायच्या आधी आबांनी स्वतःचं सगळं झाडून काढलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "देतो. पण पाट कधी?"

"बाजरी आली की."

"नाही आली तर?"

"न्हाई आली तर म्होरल्या साली. पर देनं हाय ते हाय."

आबांनी धोतर अंथरलं, त्याच्यावर गल्ला ठेवला आणि वरवंटा माझ्या हातात दिला. पहिला घाव मी भीत भीत घातला, तर नुसताच खणखणला. कुंभारमामांचं भाजकाम पक्कं होतं. दुसऱ्याला तो तीन मोठ्या खापऱ्या होऊन बसला आणि नाणी धोतरभर पसरली. खालची अल्युमिनची काळवंडलेली होती, वरची पांढरी. आम्ही जातवार ढीग केले. आठ आण्यांची एकतीस, चार आण्यांची बावन्न, वीस पैशांची अठ्ठावीस, दहाची एक्याऐंशी, पाच पैशांची तेहेतीस. बेरीज आली ४३ रुपये ८५ पैसे.

मी वही उघडली. वहीत होते ४२ रुपये ४० पैसे.

पुन्हा मोजलं. ४३ रुपये ८५ पैसेच. वाढलेले होते एक रुपया पंचेचाळीस. मी आबांकडं बघितलं. ते पाच पैशांची चवड सरळ करत होते.

"उंदरानं परत आनून टाकलं आसत्याल," ते म्हणाले.

मग उठून त्यांनी चुलीतला कोळसा आणला आणि माजघराच्या दारामागं रेघा ओढायला सुरुवात केली. रुपयाला एक रेघ. त्रेचाळीस झाल्या, पंच्याऐंशी पैशांसाठी चव्वेचाळिसावी. "पंधरा पैसं याज," म्हणाले. आण्णा दारात उभे राहून बघत होते. दुसऱ्या दिवशी पैसे कनवटीला लावून बी आणायला तेच गेले आणि पेरणीला पाभर त्यांनीच धरली. बऱ्याच वर्षांनी.

पाऊस मागंपुढं झाला. बाजरी निम्मीशिम्मी आली. घरात खायला ठेवून विकायला थोडीच उरली. दिवाळीनंतर आबा मला परत कुंभारआळीला घेऊन गेले, टिचकी मारून दुसरा गल्ला घेतला आणि बाजारादिवशी बाजारादिवशी त्यात माझं देणं टाकायला लागले. एका बाजारी दोन रुपये, एका बाजारी एक, कधी काहीच नाही. टाकले की बोट ओलं करून दारामागची तेवढीच रेघ पुसायची. काही नसलं की सांगायचे, "ह्या बाजारी जमलं न्हाई." देणाऱ्याला तोंड चुकवायला आवडतं. आबा मुद्दाम माझ्यासमोर येऊन सांगायचे. मधल्या काळात माझे डिंकाचे पैसेही चारातले तीन ह्या हिशेबानं पडत होते.

काळी पाट कधीच धनगराकडून विकली गेली होती. मी दोन दिवस रडलो आणि मग वाट बघायला लागलो. पहिल्या गल्ल्याच्या वेळी मी पाटीची वाट बघत होतो. दुसऱ्याच्या वेळी रेघा पुसल्या जायची. दुसरी वाट जास्त लांब होती, पण सोपी गेली. दर बाजारी दारामागं जाऊन किती राहिलं ते दिसायचं.

१९८३ च्या चैत्रात शेवटची रेघ पुसली. ज्येष्ठात गल्ला फोडला आणि सत्तर रुपयांना एक पाट घेतली. ही तांबडी होती, कान काळे. पुढच्या साली ती व्याली, दोन करडं झाली. गिरण्यांचा संप मिटल्याचं कुणी कधी सांगितलंच नाही. आण्णा परत मुंबईला गेले नाहीत. शेळीचं दूध सकाळच्या चहाला व्हायचं आणि बोकड विकून माझी माध्यमिक शाळेची फी आणि वह्या झाल्या. त्याच साली आबांनी मला पोस्टात नेऊन खातं काढून दिलं. गल्ल्यात पैसे वाढत नाहीत आणि मोठी रक्कम देवळीत ठेवायची नसते, हे त्यांना ठाऊक होतं. गल्ला भरला की पोस्टात, असा क्रम लागला. पासबुकावर सही मी केली, आबांनी नुसती बघितली.

आबा गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. पुढं घर नव्यानं बांधताना माजघराचं दार निघालं. मागच्या बाजूला पुसलेल्या रेघांचा धुरकट डाग होता. दार ठेवायला जागा नव्हती. पहिल्या गल्ल्याची चिरीची खापरी मात्र आजीनं देवळीत जपून ठेवलेली सापडली. कडेचा गव्हाएवढा कपचा उडालेला, आता तोही बाकीच्यासारखाच मळलेला.

त्या दिवशी मी आजीला विचारलं, "उंदराचे पैसे आबांनीच टाकले होते ना?"

आजी म्हणाली, "मला काय ठावं बाबा. त्या साली यात्रंनंतर दोन बाजार त्यांनी तंबाखू आनली नव्हती, येवढं ध्यानात हाय. म्या इचारलं तर म्हनले, दात दुखतोय."